मानेवरचा काळेपणा: तो काय सांगतो आणि काय सांगत नाही

मानेच्या मागे, केस संपतात तिथे, कातडी हळूहळू काळवंडते. नीट पाहिले तर ती नुसती काळी नसते, जाडही झालेली असते. तिच्यावरच्या बारीक रेघा ठळक दिसतात आणि बोट फिरवले की मखमलीसारखा मऊ-खरबरीत स्पर्श लागतो. काही महिन्यांनी तसाच पट्टा काखेत दिसू लागतो. घरात पहिला संशय मळावर जातो. मग वज्री येते, लिंबाची फोड येते, बेसन-हळद येते, आणि शाळेत जाणारी मुलगी असेल तर ‘मान नीट धूत जा’ हे रोजचे ऐकणे होते. मळ निघत नाही म्हटल्यावर आळ गळ्यातल्या साखळीवर, उन्हावर किंवा डिओडरंटवर जातो.

त्वचेच्या या बदलाला डॉक्टर अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. तो मधुमेहाची पूर्वसूचना असतो, हे आता बऱ्याच लोकांच्या कानावर आले आहे आणि त्यातून दोन टोकांच्या प्रतिक्रिया दिसतात. कुणी मानेचा फोटो पाहूनच ‘शुगर झाली’ असे ठरवून मोकळा होतो. कुणी उपाशीपोटीची साखर तपासतो आणि ती ९४ आली की ‘काही नाही, नुसता रंग आहे’ म्हणून विषय मिटवतो. दोघेही चुकतात. ते का, हे कळण्यासाठी डाग कशाने पडतो, तो ओळखायचा कसा, त्यावर किती विसंबायचे आणि पुढे कोणती तपासणी करायची, हे क्रमाने पाहायला हवे.

साखर नॉर्मल, पण इन्सुलिन जास्त

जेवणानंतर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. त्या इशाऱ्यावर स्नायू साखर आत घेतात आणि यकृत स्वतःजवळची साखर रक्तात सोडणे आवरते घेते. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी या इशाऱ्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग तेवढ्याच कामासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन ओतावे लागते. जोवर त्याला ते झेपते, तोवर रक्तातली साखर ताळ्यावर राहते. हा काळ अनेक वर्षांचा असू शकतो. स्वादुपिंड कमी पडू लागले की मग साखर चढते आणि तेव्हा कुठे रिपोर्टमध्ये काहीतरी दिसते.

त्वचेला मात्र वाढलेले इन्सुलिन आधीपासूनच भोवत असते. त्वचेच्या पेशींवर आयजीएफ-१ नावाच्या वाढ-घटकाचे ग्राहक असतात. या घटकाची रचना इन्सुलिनशी मिळतीजुळती आहे. नेहमीच्या पातळीला इन्सुलिन या ग्राहकांच्या वाटेला फारसे जात नाही, पण पातळी बरीच वाढली की ते त्यांनाही जाऊन चिकटते. शिवाय आयजीएफ-१ ला रक्तात बांधून ठेवणारी काही प्रथिने जादा इन्सुलिनमुळे कमी होतात, त्यामुळे मोकळा वाढ-घटकही वाढतो. दोन्ही बाजूंनी एकच हुकूम सुटतो: पेशींनो, वाढा. साखर आत घेण्याचा इशारा शरीर ऐकत नाही, पण वाढीचा इशारा त्वचा ऐकत राहते. सगळे कोडे या विसंगतीत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा वरचा केराटिनचा थर जाड झालेला आणि खालून बोटांसारखे उंचवटे वर आलेले दिसतात. काळेपणा येतो तो मुख्यतः या जाड थरामुळे आणि घड्यांमुळे. रंगद्रव्य त्या मानाने फारसे वाढलेले नसते. म्हणूनच रंग उजळवणाऱ्या क्रीमचा येथे निभाव लागत नाही, आणि मळ नसल्यामुळे घासणीचाही लागत नाही. उलट डाग जिथे घर्षण आणि घाम जास्त, तिथेच अधिक उमटतात. जोराने घासणे म्हणजे त्यात भरच.

कर्करोगाच्या खुणेपासून इन्सुलिनच्या खुणेपर्यंत

हा बदल वैद्यकाच्या पुस्तकात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पोलिट्झर आणि यानोव्स्की यांच्या वर्णनांतून. त्यानंतर कित्येक दशके त्याची ओळख पोटाच्या कर्करोगाची बाहेर दिसणारी खूण अशीच होती. वजनदार, एरवी धडधाकट माणसांतही तो दिसतो हे लक्षात आले होते, पण त्यामागचे कारण हाती नव्हते.

चित्र बदलले ते १९७६ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील सी. रोनाल्ड कान, जेफ्री फ्लायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा मोजक्या रुग्णांची नोंद केली, ज्यांच्यात हे डाग आणि इन्सुलिनला तीव्र विरोध दोन्ही एकत्र होते. काहींच्या पेशींवरच्या इन्सुलिन-ग्राहकातच दोष होता. काहींच्या शरीराने त्या ग्राहकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती. हे आजार अतिशय दुर्मीळ आहेत, पण त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. कारण कोणतेही असो, रक्तात इन्सुलिन फार वाढले की त्वचा अशी होते. मग नजर वळली ती या स्थितीच्या नेहमीच्या रूपाकडे, म्हणजे पोटाभोवती साठलेली चरबी, स्त्रियांमधला पीसीओएस आणि मधुमेहाच्या अलीकडची अवस्था यांकडे. आज दिसणाऱ्या डागांपैकी बहुतेक याच गटातले असतात.

डाग पाहायचा कसा

मान दिवसाच्या उजेडात पाहावी. केस वर धरावेत, कॉलर खाली करावी आणि डोके थोडे पुढे झुकवावे. इन्सुलिनशी संबंधित डाग दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो, त्याची कड हळूहळू नेहमीच्या रंगात विरत जाते, आणि त्याला खाज बहुधा नसते. मान आणि काख ही मुख्य ठिकाणे. जांघ, कोपर, बोटांची पेरे आणि स्तनांखालची घडी येथेही तो येतो. भारतीय रुग्णांत कपाळाच्या कडा आणि गालाच्या हाडांवरही असाच काळपट जाडपणा दिसतो आणि तो अनेकदा वांग समजून वर्षानुवर्षे क्रीम लावून हाताळला जातो. डागासोबत मानेवर आणि काखेत लोंबणारे बारीक मांसल कण असले, ज्यांना आपण सरसकट चामखीळ म्हणतो, तर संशय आणखी बळावतो.

डागाची तीव्रता मोजण्याची सोपी पट्टी बर्क आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली. काहीच नसेल तर शून्य. जवळून पाहिल्यावरच दिसला तर एक. मानेच्या मागे मधोमध, साधारण तीन इंचांच्या आत असेल तर दोन. मानेच्या बाजूंपर्यंत गेला, पण समोरून दिसत नसेल तर तीन. समोरून पाहणाऱ्यालाही दिसला तर चार. ही पट्टी घरी आरशात पाहूनही वापरता येते, आणि तिचा खरा उपयोग सहा महिन्यांनी तुलना करताना होतो.

प्रत्येक काळी मान ही इन्सुलिनची नसते. काखेत दाढीचे ब्लेड किंवा वॅक्स वापरून आलेला काळेपणा असतो, पण तिथे कातडीची जाडी नेहमीची राहते. हेअर डाय, खोटे दागिने किंवा डिओडरंट यांची ॲलर्जी आधी खाजते, लाल होते आणि मग काळा ठसा ठेवून जाते, तोही वस्तू टेकते तेवढ्याच भागावर. गजकर्णाला उठावदार कड असते आणि खाज तर असतेच. पाठीच्या वरच्या भागावर लाटांसारख्या ओळींत काळेपणा असेल तर तो बहुधा वर्षानुवर्षे घासणीने पाठ घासल्याचा परिणाम असतो. आणि कधी कधी तो खरोखरच चिकटून बसलेला थर असतो. साबणाने न निघणारा हा थर स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की साफ निघतो. त्वचारोगतज्ज्ञ दवाखान्यात ही चाचणी अर्ध्या मिनिटात करतात. निदानासाठी कातडीचा तुकडा काढण्याची वेळ क्वचितच येते.

चाळणी म्हणून त्याची किंमत किती

या खुणेवर एक मोठा सार्वजनिक प्रयोग टेक्सासमध्ये झाला. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या भागात मुलांमध्ये टाइप-२ मधुमेह वाढताना दिसू लागला, तेव्हा १९९९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने शाळांत मुलांच्या मानेची तपासणी सुरू करवली. डोळे आणि कान तपासतानाच शाळेची परिचारिका मानेवर नजर टाकते. डाग आढळला तर वजन-उंचीचे प्रमाण आणि रक्तदाब मोजते आणि पालकांच्या नावे डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी देते. सुई नाही, उपाशी राहणे नाही, खर्च जवळपास नाही, ही त्याची जमेची बाजू.

पण चाळणीची भोके कुठे आहेत हेही पाहायला हवे. पहिले म्हणजे डाग नसणे ही हमी नव्हे. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या कितीतरी लोकांची मान स्वच्छ असते आणि गोऱ्या त्वचेवर तर हलका डाग सहज निसटतो. दुसरे म्हणजे डाग आणि वजन जोडीने चालतात. लठ्ठ मुलांवरच्या काही अभ्यासांत वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावर डागाची स्वतंत्र किंमत बरीच खाली आली. जे मूल तराजूवर आधीच दिसत होते, त्याची मान नव्याने फारसे काही सांगत नाही. तिसरे म्हणजे वयात येताना इन्सुलिन रेझिस्टन्स स्वाभाविकपणेच काही काळ वाढतो, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मानेवरची फिकी छटा आणि तिशीतल्या माणसाच्या मानेवरचा जाड पट्टा यांना एकाच मापाने तोलता येत नाही.

मग भारतात या खुणेचे वजन का वाढते? कारण आपल्याकडे तराजू फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भोवतालच्या गावांतल्या बाळांची मापे घेतली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच लहान, तरी त्वचेखालच्या चरबीत त्या मानाने पुढे निघाली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात, आणि पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सीमा मानतात. ज्याला कुणी जाड म्हणणार नाही, अशा माणसाच्या मानेवर मखमली पट्टा असेल, तर ती तराजूला न दिसलेली बाब असू शकते. डागाची सर्वाधिक किंमत येथे आहे.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, पुण्यात बसून काम करणारी २६ वर्षांची एक तरुणी आहे. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे बीएमआय २६.४. कंबर ८८. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हनुवटीवर राठ केस आहेत, आईला मधुमेह आहे. मानेचा डाग तिसऱ्या पायरीचा, काखेतही आहे. ती त्वचारोगतज्ज्ञाकडे आली आहे ती लग्नाआधी मान उजळावी म्हणून.

तिची उपाशीपोटीची साखर ९४. शंभराच्या आत, म्हणजे नॉर्मल. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.८ टक्के, म्हणजे ५.७ च्या सीमेच्या जरा वर. पण तिचे हिमोग्लोबिन १०.२ आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटी वर सरकू शकते, आणि आपल्याकडच्या स्त्रियांत ही कमतरता घरोघर आहे. म्हणजे एक आकडा निर्धास्त करतो आणि दुसऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी निकाल लावते ती ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी. तिची दोन तासांची साखर १५२ येते. १४० ते १९९ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी. उपाशीपोटीच्या एकट्या रिपोर्टवर थांबली असती तर हे कळले नसते.

इन्सुलिन मोजायचे का? लॅबच्या पॅकेजमध्ये ‘होमा-आयआर’ हल्ली हमखास असते. उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि साखर यांचा गुणाकार करून ४०५ ने भागले की तो आकडा मिळतो. तिचे इन्सुलिन २१ आले तर २१ गुणिले ९४ भागिले ४०५, म्हणजे ४.९. साधारण अडीचच्या वर रेझिस्टन्स धरतात. पण इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती लॅबनुसार बदलतात, सगळ्यांना लागू अशी एक सीमा नाही, आणि हा आकडा ४.९ ऐवजी ३.९ आला असता तरी तिच्या उपचारात काही बदलले नसते. मान, कंबर, पाळी आणि दोन तासांची साखर यांनी जे सांगायचे ते सांगितलेच आहे. ते पैसे रक्तदाब, ट्रायग्लिसराइड व एचडीएल, यकृताची तपासणी, थायरॉइड आणि पीसीओएससाठी स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला यांवर घालवणे अधिक कामाचे.

उपाय मानेवर की आत

तिला पहिला प्रश्न पडणार तो क्रीमचा. ट्रेटिनॉइन, युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेल्या क्रीमने जाड थर पातळ होतो आणि डाग थोडा फिका पडतो. काखेसारख्या नाजूक जागी ते चुरचुरते, म्हणून एकाआड एक रात्र, थोडेसे, असे सुरू करतात. गर्भारपणाचा विचार असेल तर ट्रेटिनॉइन टाळतात. धोका आहे तो औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा. काखेच्या घडीत त्या महिनोन्महिने लावल्या तर कातडी कागदासारखी पातळ होते, तिच्यावर कायमचे ओरखडे पडतात, आणि मूळ डाग पुन्हा येतोच.

क्रीमने डाग फिका झाला तरी इन्सुलिन तेवढेच राहते. ते कमी होते पोटाची चरबी घटल्यावर आणि स्नायू कामाला लागल्यावर. या तरुणीसाठी सात टक्के वजन म्हणजे साधारण साडेचार किलो. एवढ्याने बहुधा पाळी सुधारू लागते आणि दोन तासांची साखर खाली येते. ज्यांचे वजन फारसे हलत नाही त्यांनीही हात टेकायचे कारण नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणे आणि आहारबदल यांनी तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात विशेष घट न होता. मेटफॉर्मिननेही जवळपास तेवढाच फायदा दिला. मेटफॉर्मिन द्यायचे ते साखर आणि पाळी पाहून. नुसत्या डागासाठी त्याचा उपयोग माफकच आहे.

मान उजळायला महिने लागतात आणि कधी ती पूर्ण उजळत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फ्लॅशशिवाय फोटो काढून ठेवणे बरे. रोज आरशात पाहून फरक कळत नाही आणि माणूस मध्येच सोडून देतो.

जिथे घाई करायची

काही डाग मात्र वेगळ्या वाटेचे असतात. चाळिशीनंतर काही आठवड्यांत एकाएकी उमटलेला, वेगाने पसरणारा, खाजणारा, ओठांच्या कडेला, तोंडात किंवा तळहातावर आलेला डाग, आणि त्याच वेळी काही न करता घटणारे वजन, असे चित्र दिसले तर आधी जठराचा कर्करोग नाही ना, हे एंडोस्कोपीने पाहतात. हे दुर्मीळ आहे, पण येथे वजन वाढण्याऐवजी घटते आणि डाग वर्षांऐवजी आठवड्यांत येतो, हे दोन फरक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. याखेरीज निकोटिनिक ॲसिड, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड आणि काही संप्रेरकांच्या गोळ्या यांनीही डाग येतो. औषधांची यादी डॉक्टरांना दाखवली की हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर डाग हे निदान ठरत नाही, पण त्याला नुसता रंग म्हणूनही सोडता येत नाही. तो कंबरेची टेप आणि ग्लुकोजची बाटली काढायला सांगतो. वजन जास्त असलेल्या मुलात वयाच्या दहाव्या वर्षानंतर किंवा वयात आल्यावर, आणि मोठ्या माणसात कोणत्याही वयात, असा पट्टा दिसला तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर एकदा पाहावी. दोन्ही नॉर्मल आल्या तर तीन वर्षांच्या आत पुन्हा, मधल्या पायरीवर आल्या तर दरवर्षी. वज्री मात्र आजच बाजूला ठेवावी, आणि मान धूत नाही म्हणून मुलीला बोलणेही.